इनबॉक्सपर्यंत न पोहोचलेली मेल : फिल्टर आणि फॉरवर्डिंगची झाडाझडती

मेल खात्यात पोहोचणे आणि ती इनबॉक्समध्ये दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठवणाऱ्याच्या बाजूने मेल सुटते, घेणाऱ्याचा सर्व्हर ती स्वीकारतो आणि तिथे पाठवणाऱ्याचे काम संपते. त्यानंतर मात्र मेलला आणखी काही उंबरठे ओलांडावे लागतात. आधी सर्व्हर ती स्पॅम आहे का ते ठरवतो. मग खातेदाराने, किंवा त्याच्या वतीने कोणी तरी, कधी काळी लावून ठेवलेले फिल्टर तिला लागू होतात. पुढे ती दुसऱ्या पत्त्यावर पाठवली जाते किंवा एखादा संगणक ती खात्यातून उतरवून घेतो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर मेल बाजूला पडली, तर पाठवणाऱ्याला ती परत येत नाही आणि घेणाऱ्याला तिची सूचना मिळत नाही. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात: एक म्हणतो पाठवली, दुसरा म्हणतो आली नाही.

कायदा अशा वेळी पाठवणाऱ्याच्या बाजूला झुकतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, घेणाऱ्याने ठरावीक संगणकीय ठिकाण नेमून दिलेले असेल, तर इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज त्या ठिकाणी शिरला तो क्षण हीच त्याच्या प्राप्तीची वेळ. तो उघडला का, वाचला का, कोणत्या फोल्डरमध्ये पडला, हे कलम विचारत नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १६९ मध्येही नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवलेली नोटीस ही नोटीस बजावण्याची एक मान्य पद्धत आहे. म्हणजे नोटीस स्पॅममध्ये पडून राहिली तरी मुदतीचे दिवस मोजायला सुरुवात झालेली असते.

हे नेमके कसे घडते ते एका कल्पित पण अगदी नेहमीच्या उदाहरणावरून पाहता येते. चिखली तालुक्यातले उंद्री हे चिखली-खामगाव रस्त्यावरचे गाव. सोयाबीन, तूर आणि हरभरा ही या भागातली पिके. अशा गावात सोयाबीन एकत्र करून विकणारी एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, असे समजू. तिचे एकच जीमेल खाते आहे. ते काढले पहिल्या वर्षी कामाला असलेल्या एका तरुणाने. तो नंतर पुण्याला नोकरीला गेला. आता तेच खाते कंपनीचा कर्मचारी कार्यालयातल्या संगणकावर आणि एक संचालक आपल्या मोबाईलवर पाहतो. हिशेबाचे काम आधी एका लेखापालाकडे होते, दोन वर्षांपासून ते दुसऱ्याकडे गेले आहे. या कंपनीची तक्रार दोन गोष्टींची. अकोल्याच्या एका खरेदीदाराने सोयाबीनच्या लॉटसाठी दर कळवल्याचे तो फोनवर सांगतो, पण तशी मेल खात्यात नाही. आणि जीएसटी नोंदणी रद्द का करू नये, असे विचारणारी कारणे दाखवा नोटीस निघाली होती, हे नव्या लेखापालाने पोर्टल उघडले तेव्हा कळले.

नियमानुसार या नोटिशीला उत्तर देण्यासाठी सात कामकाजाचे दिवस मिळतात. सोमवारी बजावलेल्या नोटिशीची मुदत, मध्ये सुटी नसेल तर, पुढच्या आठवड्याच्या बुधवारी संपते. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत हा आठवडा-दीड आठवडा कसा निघून गेला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून शोधाची सुरुवात सेटिंगपासून करू नये. आधी ती विशिष्ट मेल कुठे आहे ते पाहावे. सेटिंग उद्याही तिथेच असतात. मेल कदाचित नसेल, कारण जीमेल स्पॅम आणि ट्रॅश या दोन्ही ठिकाणच्या मेल ३० दिवसांनी कायमच्या काढून टाकते. याच कारणाने तपास पूर्ण होईपर्यंत स्पॅम किंवा ट्रॅश रिकामा करायचा नाही, ही पहिली शिस्त.

हरवलेली मेल शोधणे

आधी पाठवणाऱ्याला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या पत्त्यावर पाठवली, कोणत्या तारखेला, आणि मेल परत आल्याचा काही संदेश त्याला मिळाला का. पत्ता अक्षर न अक्षर वाचून घ्यावा. कंपनीचे नाव इंग्रजीत लिहिताना एखादा `a` जास्त पडला, तर मेल दुसऱ्याच कोणाच्या खात्यात जाते आणि तिथे झाडाझडती घेता येत नाही. मेल परत आल्याचा संदेश असेल तर त्यात कारण लिहिलेले असते. खाते भरले आहे, हे त्यातले एक नेहमीचे कारण. जीमेलची मोफत १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटो यांच्यासह एकत्र मोजली जाते. कंपनीच्या खात्यावरूनच कोणाच्या मोबाईलमधल्या फोटोंचा बॅकअप चालू असेल, तर ती जागा मेलमुळे नव्हे, शेताच्या आणि लग्नाच्या फोटोंमुळे भरते आणि नवी मेल येणे थांबते.

पत्ता बरोबर असेल आणि काही परत आलेले नसेल, तर संगणकाच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडून शोधपट्टीत लिहावे:

```
in:anywhere from:gst.gov.in
```

नुसते `gst` लिहून शोधले तर जीमेल स्पॅम आणि ट्रॅश सोडून बाकीच्या ठिकाणी पाहते. `in:anywhere` जोडले की त्या दोन्ही जागाही शोधात येतात. हा एवढा फरक अनेकांना ठाऊक नसतो आणि ‘शोधून पाहिले, नाही सापडली’ असे म्हणून प्रकरण तिथेच सोडले जाते. तारीख माहीत असेल तर तिचीही मर्यादा घालता येते. मात्र दोन्ही बाजूंना एकेक दिवस जास्त धरावा, कारण `before:` मध्ये दिलेला दिवस स्वतः शोधात धरला जात नाही:

```
in:anywhere after:2025/10/05 before:2025/10/09
```

उंद्रीच्या या कंपनीला पहिल्याच शोधात नोटिशीची मेल मिळते. तिच्यावर `GST` असे लेबल आहे आणि ती ‘वाचलेली’ दिसते, ठळक अक्षरांत नाही. इनबॉक्सचे लेबल तिच्यावर नाही. संचालक शपथेवर सांगतो की त्याने ती उघडलेली नाही, आणि ते खरेच असते. खरेदीदाराची मेल मात्र कुठेच सापडत नाही. दोन मेल, दोन वेगळे शेवट. ते का, याचे उत्तर फिल्टरच्या यादीत मिळते.

फिल्टरची यादी वाचणे

जीमेलच्या मोबाईल ॲपमध्ये फिल्टरची यादी दिसत नाही. गावात बहुतेकांची मेल मोबाईलवरच पाहिली जाते, त्यामुळे वर्षानुवर्षे चालू असलेला फिल्टर कोणाच्या नजरेला पडत नाही. संगणक नसेल तर गावातल्या सेवा केंद्रावर जाऊन पाहता येते. मात्र काम झाल्यावर तिथून लॉग-आउट व्हायचे आणि ब्राउझरने पासवर्ड जतन करण्याबद्दल विचारले तर नकार द्यायचा.

वर उजवीकडच्या दातेरी चाकाच्या खुणेवर क्लिक करून `See all settings` आणि मग `Filters and Blocked Addresses` हा टॅब उघडावा. इथे प्रत्येक फिल्टर दोन भागांत लिहिलेला असतो: कोणत्या मेलला लागू, आणि तिचे काय करायचे. काही बदलण्याआधी सगळे फिल्टर निवडून तळाच्या `Export` बटणाने त्यांची प्रत काढून ठेवावी. `mailFilters.xml` नावाची फाइल उतरते. पुढे चुकून कामाचा फिल्टर काढला गेला तर तो तिच्यातून परत आणता येतो, आणि कोणते फिल्टर होते याचा पुरावाही राहतो.

उंद्रीच्या कंपनीच्या यादीत पाच ओळी आहेत. त्यातल्या दोन महत्त्वाच्या. पहिली अशी:

```
Matches: from:(gst.gov.in)
Do this: Skip Inbox, Mark as read, Apply label "GST", Forward to ...
```

हा फिल्टर लावणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. जीएसटीच्या मेल खूप येतात, त्या लेखापालालाच पाहायच्या असतात, मग त्या थेट त्याच्याकडे जाव्यात आणि कार्यालयाच्या इनबॉक्समध्ये गर्दी होऊ नये. जोपर्यंत तो लेखापाल काम पाहत होता तोपर्यंत ही व्यवस्था उत्तम चालली. लेखापाल बदलला, कागदपत्रांची पेटी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, पोर्टलचा पासवर्ड बदलला. फिल्टरची आठवण मात्र कोणाला राहिली नाही. नोटीस जुन्या लेखापालाच्या खात्यात गेली. त्याच्या दृष्टीने ती आता त्याचे काम नसलेल्या कंपनीची मेल होती. इथली प्रत वाचलेली म्हणून खूण होऊन लेबलखाली जाऊन बसली.

यात घातक ठरते ती `Skip Inbox` आणि `Mark as read` या दोन कृतींची जोडी. मेल इनबॉक्समधून बाजूला गेली तरी लेबल डावीकडे ठळक दिसते आणि न वाचलेल्या मेलचा आकडा वाढतो, तेव्हा कोणाचे तरी लक्ष जाते. नुसती वाचलेली म्हणून खूण झाली तरी ती इनबॉक्समध्ये डोळ्यांसमोर असते. दोन्ही एकत्र आले की मेल येऊनही आल्याची एकही खूण उरत नाही. फिल्टर तपासताना ही जोडी जिथे दिसेल तिथे थांबावे. बँक, कर खाते, न्यायालय, शासकीय प्रकल्प किंवा खरेदीदार यांच्यापैकी कोणाच्याही मेलला ही जोडी लागू असेल, तर किमान `Mark as read` काढून टाकावे.

दुसरी ओळ खरेदीदाराच्या मेलचे कोडे सोडवते:

```
Matches: offer OR discount OR sale
Do this: Delete it
```

बियाणे, कीटकनाशके आणि कर्जाच्या जाहिरातींचा मारा थांबवण्यासाठी कोणी तरी हा फिल्टर लावला. पण पाठवणाऱ्याच्या रकान्यात त्याने काहीच लिहिले नाही, फक्त शब्द दिले. असा फिल्टर विषयात आणि मजकुरातही ते शब्द शोधतो. अकोल्याच्या खरेदीदाराने विषय लिहिला होता `Offer for soybean lot`. व्यापारी पत्रव्यवहारात दर कळवण्याला ऑफरच म्हणतात. मेल आली त्या क्षणी ट्रॅशमध्ये गेली आणि ३० दिवस उलटल्यावर तिथूनही गेली. `sale` हा शब्द तर शेतमाल विकणाऱ्या कंपनीच्या पत्रव्यवहारात पावलोपावली येणार. म्हणजे या एका फिल्टरने किती मेल खाल्ल्या याचा हिशेब आता लागू शकत नाही. गेल्या ३० दिवसांतल्या तेवढ्या ट्रॅशमधून परत आणता येतील.

शब्दांवर आधारलेला आणि मेल खोडणारा फिल्टर कुठल्याही कामाच्या खात्यात ठेवू नये, असे ठामपणे म्हणता येते. जाहिराती नको असतील तर फिल्टर विशिष्ट पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावावा, नाही तर त्या मेलमधल्या `Unsubscribe` चा उपयोग करावा. आणि बाजूलाच टाकायचे असेल तर खोडण्याऐवजी लेबल लावून ठेवावे. चूक झाली तर ती दुरुस्त करता येते.

यादी वाचताना आणखी काही जागा सहज निसटतात. `from:` मध्ये पूर्ण पत्त्याऐवजी नुसता `bank` असा शब्द असेल, तर तो पाठवणाऱ्याच्या दिसणाऱ्या नावालाही लागू होतो. म्हणजे एका बँकेच्या जाहिरातींसाठी लावलेला फिल्टर दुसऱ्या बँकेची कर्जाची पत्रेही गोळा करतो. `Doesn't have` या रकान्यात काही लिहून बाकी सगळे कोरे सोडले असेल, तर तो शब्द नसलेली प्रत्येक मेल त्या फिल्टरच्या कचाट्यात येते. आउटलुकमध्ये नियम वरून खाली क्रमाने चालतात आणि एखाद्या नियमावर `Stop processing more rules` अशी खूण असेल तर पुढचे नियम लागूच होत नाहीत. जीमेलमध्ये असा क्रम नसतो. एका मेलला जुळणारे सगळे फिल्टर लागू होतात. त्यामुळे एकेक ओळ सुटी वाचून निर्दोष वाटली, तरी दोन ओळी मिळून काय करतात तेही पाहावे लागते.

याच टॅबवर खाली अडवलेल्या पत्त्यांची यादी असते. मोबाईलवर घाईत `Block` दाबले गेले की त्या व्यक्तीच्या पुढच्या सगळ्या मेल स्पॅममध्ये जातात. कंपनीच्या सभासदाचा किंवा बँकेच्या शाखेचा पत्ता इथे सापडणे मुळीच विरळ नाही.

मेल आणखी कोठे जाते

शेजारचाच टॅब `Forwarding and POP/IMAP`. इथे सगळ्या मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सोय असते आणि मूळ प्रतीचे काय करायचे याचे चार पर्याय असतात: इनबॉक्समध्ये ठेवणे, वाचलेली करणे, आर्काइव्ह करणे किंवा खोडणे. शेवटचा पर्याय निवडलेला असेल तर खाते जवळपास रिकामेच राहते, आणि लोकांना वाटते की आजकाल मेलच येत नाहीत.

फॉरवर्डिंग बंद दिसले म्हणून समाधान मानू नये. एखाद्या फिल्टरमध्ये `Forward to` असेल तर मुख्य फॉरवर्डिंग बंद असतानाही तो फिल्टर आपले काम करतच राहतो. म्हणून या टॅबवरच्या उतरत्या यादीत कोणकोणते पत्ते नोंदलेले आहेत ते पाहावे. नवा पत्ता जोडताना जीमेल त्या पत्त्यावर खात्री करणारी मेल पाठवते आणि तिथल्या माणसाने होकार दिल्यावरच तो चालू होतो. तेव्हा यादीतल्या प्रत्येक पत्त्यामागे एक माणूस आहे, त्याने कधी तरी होकार दिलेला आहे. तो कोण, हे सांगता आले पाहिजे. ज्याचे नाव कोणालाच सांगता येत नाही तो पत्ता काढून टाकावा. मात्र त्याआधी पडद्याचा फोटो काढून ठेवावा. फॉरवर्डिंग नव्याने सुरू झाले की पहिला आठवडाभर इनबॉक्सच्या वर तशी सूचना दिसते. मोबाईलवरच मेल पाहणाऱ्यापर्यंत तो आठवडा बहुधा पोहोचतच नाही.

फॉरवर्डिंगची आणखी एक मर्यादा आहे. जीमेलने स्पॅम ठरवलेली मेल पुढे पाठवली जात नाही. म्हणजे ‘सगळ्या मेल नव्या लेखापालाकडे जातात’ असे धरून जुन्या खात्याकडे पाहणे सोडले, तर स्पॅममध्ये पडलेली नोटीस दोघांनाही दिसत नाही. शिवाय पुढे पाठवलेली मेल समोरच्या सर्व्हरला संशयास्पद वाटू शकते. बँकेची मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघू शकते याची यादी बँक जाहीर करून ठेवते. फॉरवर्ड झालेली मेल त्या यादीबाहेरच्या सर्व्हरवरून येते आणि एसपीएफ नावाच्या तपासणीत नापास होऊ शकते. मेलवर डीकेआयएमची डिजिटल सही असेल आणि मजकूर बदललेला नसेल तर ती पुढेही ग्राह्य राहते आणि मेल पार होते. सही नसेल तर ती स्पॅममध्ये जाऊ शकते किंवा नाकारली जाऊ शकते. एखादी मेल या वाटेने आली का हे पाहायचे असेल तर ती उघडून तीन टिंबांच्या मेनूतून `Show original` निवडावे. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कचे निकाल दिसतात, आणि जीमेलमधून फॉरवर्ड झालेल्या मेलमध्ये खाली `X-Forwarded-To` अशी ओळ सापडते. महत्त्वाच्या पत्रव्यवहारासाठी फॉरवर्डिंगवर विसंबण्यापेक्षा पोर्टलवर नोंदलेला पत्ताच बदलून घेणे अधिक भरवशाचे.

त्याच टॅबवरचा पीओपी हा भाग पुष्कळदा विसरला जातो. कार्यालयातल्या जुन्या संगणकावर कोणी तरी आउटलुक बसवून पीओपीने मेल उतरवून घ्यायला सुरुवात केलेली असते, आणि उतरवल्यावर जीमेलमधली प्रत खोडावी किंवा आर्काइव्ह करावी असा पर्याय निवडलेला असतो. तो संगणक चालू असेल त्या दिवशी मोबाईलवर मेल कमी दिसतात, बंद असेल त्या दिवशी नीट दिसतात. मेल ‘कधी येतात, कधी येत नाहीत’ अशी तक्रार असेल आणि तिचा वीज जाण्या-येण्याशी संबंध दिसत असेल, तर प्रथम हे तपासावे. `Accounts and Import` या टॅबवर, या खात्यात दुसऱ्या कोणाला प्रवेश दिला आहे का तेही दिसते.

आउटलुक वापरणाऱ्यांसाठी हेच काम `Settings`, `Mail` आणि तिथल्या `Rules`, `Junk email`, `Forwarding` या पानांवर होते. तिथे `Focused` आणि `Other` असे इनबॉक्सचे दोन भाग असतात, आणि हरवलेली वाटणारी मेल पुष्कळदा दुसऱ्या भागात असते. जीमेलच्या `Promotions` आणि `Updates` या टॅबचेही तेच. त्यात पडलेली मेल इनबॉक्समध्येच आहे, फक्त मागच्या खोलीत.

नियम घरच्या कोणीच लावलेला नसेल तर

फिल्टर आणि फॉरवर्डिंग हे खात्यात घुसलेल्या भामट्याचेही आवडते हत्यार आहे. त्याला खात्याचा पासवर्ड एकदाच मिळावा लागतो. तो बिल, पेमेंट, बँक अशा शब्दांच्या मेल स्वतःकडे वळवणारा फिल्टर लावतो आणि मूळ प्रत खोडतो किंवा एखाद्या दुर्लक्षित फोल्डरमध्ये टाकतो. आउटलुकमध्ये `RSS Feeds` हे फोल्डर यासाठी वापरल्याचे वारंवार दिसले आहे. मग तो खरेदीदाराला कंपनीच्या नावाने कळवतो की बँक खाते बदलले आहे. खरेदीदाराने शंका विचारली तर त्याचे उत्तर कंपनीच्या नजरेस पडतच नाही. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये याच प्रकाराबद्दल इशारा दिला होता. ब्राउझरमधून लावलेले असे नियम संगणकावरच्या मेल प्रोग्रामशी जुळवून घेतलेले नसतील तर तिथे दिसत नाहीत, यावर त्या इशाऱ्याचा भर होता.

असा नियम सापडला तर पासवर्ड बदलणे पुरेसे नाही. पासवर्ड बदलला तरी फिल्टर आणि फॉरवर्डिंगचा पत्ता आपोआप निघत नाही. चोर बाहेर गेला तरी मेल त्याच्याकडे जातच राहतात. आधी पडद्याचे फोटो आणि `Export` ची फाइल जपून ठेवावी. मग पासवर्ड बदलावा, दुहेरी पडताळणी सुरू करावी, खाते परत मिळवण्यासाठी नोंदलेला मोबाईल आणि पर्यायी ई-मेल कोणाचा आहे ते पाहावे, आणि त्यानंतर नियम काढावेत. इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे `Details` वर क्लिक केल्यास खाते अलीकडे कुठून उघडले गेले ते दिसते. पैशांचा व्यवहार झालेला असेल तर एक मिनिटही न दवडता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी, आणि खरेदीदाराला फोनवर, मेलवर नव्हे, सावध करावे.

दुरुस्ती आणि चाचणी

उंद्रीच्या कंपनीत दुरुस्तीचे काम असे होते. शब्दांवर खोडणारा फिल्टर काढला जातो. जीएसटीच्या फिल्टरमधून इनबॉक्स टाळणे, वाचलेली करणे आणि जुन्या लेखापालाकडे पाठवणे या तिन्ही कृती काढून फक्त लेबल ठेवले जाते, आणि त्याच फिल्टरमध्ये `Never send it to Spam` ची खूण केली जाते. फिल्टर बदलल्याने जुन्या मेल आपोआप इनबॉक्समध्ये परतत नाहीत. म्हणून `GST` लेबल उघडून जुन्या लेखापालाने काम सोडले त्या तारखेपासूनच्या सगळ्या मेल एकेक करून पाहाव्या लागतात. यात अर्धा दिवस जातो, पण तो टाळता येत नाही, कारण आणखी एखादी नोटीस तिथेच पडलेली असू शकते. ट्रॅशमधल्या ३० दिवसांच्या मेलही याच बैठकीत पाहून कामाच्या तेवढ्या `Move to inbox` ने परत आणल्या जातात.

मग चाचणी. दुसऱ्या खात्यावरून, `Offer for soybean lot` असाच विषय लिहून एक मेल कंपनीच्या पत्त्यावर पाठवावी आणि ती इनबॉक्समध्ये, न वाचलेली, मोबाईलवर आणि संगणकावर दोन्हीकडे दिसते का ते पाहावे. त्याच खात्यावरून स्वतःलाच पाठवलेल्या मेलवर ही चाचणी करू नये. तिचा निकाल भरवशाचा नसतो. पुढे दर महिन्याला एकदा ही ओळ शोधपट्टीत टाकावी:

```
in:anywhere -in:inbox -in:sent -in:drafts newer_than:30d
```

गेल्या ३० दिवसांत खात्यात आलेल्या पण आता इनबॉक्समध्ये नसलेल्या सगळ्या मेल एकाच यादीत दिसतात: फिल्टरने बाजूला टाकलेल्या, आर्काइव्ह झालेल्या, स्पॅम आणि ट्रॅशमध्ये पडलेल्या. कोणी संभाषण `Mute` केले असेल तर त्यातली नवी उत्तरेही इनबॉक्स चुकवतात. तीही इथे सापडतात. ३० दिवसांचा आकडा मुद्दाम ट्रॅशच्या मुदतीइतका घेतला आहे, म्हणून हा शोध महिना उलटण्याआधीच व्हायला हवा. दर महिन्याच्या २५ तारखेला करायचे ठरवले तर दोन शोधांमध्ये कधी ३१ दिवस पडतात आणि एखाद्या दिवसाची मेल सुटू शकते; दर चार आठवड्यांनी सोमवारी करणे बरे.

राहते ती पत्त्याची गोष्ट, आणि गावपातळीवर ती सर्वांत जास्त नडते. नोंदणीचा अर्ज सेवा केंद्रावर भरताना स्वतःचा ई-मेल नसेल तर केंद्रचालक आपलाच पत्ता टाकून देतो. त्या क्षणी अर्ज पुढे सरकतो, आणि पुढची कित्येक वर्षे बँकेची, कराची, विम्याची पत्रे त्या चालकाच्या खात्यात, शेकडो इतर गावकऱ्यांच्या पत्रांबरोबर साठत राहतात. अशा वेळी स्वतःच्या खात्यातला एकही फिल्टर दोषी नसतो. म्हणून झाडाझडतीत जीएसटी पोर्टल, आयकर पोर्टल, बँकेची शाखा आणि कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालय या चार ठिकाणी कोणता ई-मेल नोंदलेला आहे ते लॉग-इन करून, किंवा शाखेत विचारून, एका कागदावर लिहावे. त्याच कागदावर खात्यातले उरलेले फिल्टर, प्रत्येकाचे कारण, तो लावणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहून तो कागद लेखापरीक्षणाच्या फाइलमध्ये लावावा. लेखापाल किंवा कर्मचारी बदलला की कार्यालयाच्या किल्ल्यांबरोबर हा कागदही नव्या माणसाच्या हाती द्यावा आणि त्याच्यासमोर फिल्टरची यादी एकदा उघडून वाचावी.

उंद्रीच्या कंपनीची नोटीस लेबलखाली सापडली, त्यामुळे ती केव्हा आली होती हे तारीख-वेळेसह कळले आणि अधिकाऱ्यांकडे उशिराचे कारण पुराव्यासह मांडता आले. खरेदीदाराची मेल ३० दिवसांनंतर खात्यातून गेली होती. ती त्याच्याकडूनच पुन्हा मागवावी लागली.